जेपेगचा एक ८ बाय ८ ब्लॉक हाताने दाबून बघूया

जेपेगबद्दल वाचायला गेलं की सगळीकडे तेच चार शब्द भेटतात, लेव्हल शिफ्ट, डीसीटी, क्वांटायझेशन, झिगझॅग, आणि वाचून झाल्यावरही नेमकं माहिती कुठे गेली ते कळलेलं नसतं. मला तरी खूप दिवस कळलं नव्हतं. कळलं ते एक ब्लॉक कागदावर घेऊन, कॅल्क्युलेटर शेजारी ठेवून पूर्ण सोडवला तेव्हा. म्हणून इथे पण तेच करायचं, एकच ब्लॉक घ्यायचा, त्याचे आकडे शेवटपर्यंत सोडायचे नाहीत, आणि प्रत्येक पायरीला विचारायचं की इथून उलटं परत जाता येतं का.

आधी एवढं धरून चाला की फोटोचा रंग बाजूला काढून ठेवलाय. जेपेग आधी फोटोचे उजेड आणि रंग असे वेगळे थर करतो आणि मग प्रत्येक थराचे ८ बाय ८ चे तुकडे पाडतो. आपण फक्त उजेडाचा थर घेतोय, त्यात ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं.

आपला ब्लॉक असा आहे. डावीकडे गडद भिंत, उजवीकडे आकाश, आणि वरून खाली हळूहळू उजेड कमी होतोय.

```
77 77 79 117 167 175 177 177
75 75 77 115 165 173 175 175
73 73 75 113 163 171 173 173
71 71 73 111 161 169 171 171
69 69 71 109 159 167 169 169
67 67 69 107 157 165 167 167
65 65 67 105 155 163 165 165
63 63 65 103 153 161 163 163
```

हा मी मुद्दाम असा बनवलाय की हाताने सोडवता यावा. एकच आडवी ओळ घेतली, ७० ७० ७२ ११० १६० १६८ १७० १७०, आणि ती आठ वेळा खाली उतरवताना तिच्यात क्रमाने +७, +५, +३, +१, -१, -३, -५, -७ मिळवले, बस. चौसष्ट पिक्सेल, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ५१२ बिट. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

पहिली पायरी, लेव्हल शिफ्ट

प्रत्येक पिक्सेलमधून १२८ वजा करायचे. झालं. ० ते २५५ ची रेंज -१२८ ते १२७ होते, म्हणजे शून्य मधोमध येतं. आपली मूळ ओळ आता -५८ -५८ -५६ -१८ ३२ ४० ४२ ४२ अशी झाली.

हे का करायचं, तर पुढे डीसीटीमधून जे चौसष्ट आकडे निघतात त्यातला पहिला आकडा सोडून बाकीचे सगळे आपोआप शून्याच्या दोन्ही बाजूंना पसरतात, पण पहिला, म्हणजे डीसी, तो ब्लॉकच्या सरासरीवर अवलंबून असतो आणि शिफ्ट केली नाही तर तो कायम पॉझिटिव्ह आणि मोठा येतो. आपल्या ब्लॉकमध्ये शिफ्ट न करता तो ९९० आला असता, शिफ्ट करून -३४ येतो. फरक बरोब्बर १०२४, आणि तो कुठल्याही ब्लॉकला तेवढाच असतो. बाकीच्या त्रेसष्ट आकड्यांना या वजाबाकीचा पत्ताही लागत नाही, ते जसेच्या तसे राहतात. परत येताना १२८ मिळवले की झालं, त्यामुळे इथे काहीच हरवत नाही.

पण कोडमध्ये सगळ्यात पहिली चूक इथेच होते आणि ती माझ्याकडून झालेली आहे, दोन संध्याकाळी गेल्या होत्या त्यात. फोटो वाचला की पिक्सेल `uint8` प्रकारात मिळतात, त्यात निगेटिव्ह आकडाच बसत नाही, त्यामुळे ७० मधून १२८ गेले की -५८ ऐवजी १९८ मिळतात आणि पायथन काही बोलत पण नाही. गडद भिंत आकाशापेक्षा उजळ होऊन बसते. आपल्या ब्लॉकवर ही चूक झाली तर डीसी -३४ ऐवजी ९९० दिसेल, म्हणजे वाटेल की शिफ्ट झालीच नाही, आणि शेजारचा आकडा -३४५.५ यायला हवा तो +५८२ च्या आसपास येईल. म्हणून वजा करताना `128` नाही, `128.0` लिहायचं, किंवा आधी ब्लॉक `float` करून घ्यायचा.

दुसरी पायरी, डीसीटी

इथे लोक घाबरतात कारण फॉर्म्युला असा दिसतो:

```
F(u,v) = 1/4 · C(u) · C(v) · Σx Σy f(x,y)
         · cos((2x+1)uπ/16) · cos((2y+1)vπ/16)

C(0) = 1/√2,  बाकी C = 1
```

यात चाललंय काय तर साधी गोष्ट आहे. चौसष्ट ठरलेले नमुने आहेत, काही आडव्या लाटांचे, काही उभ्या, काही दोन्ही मिसळलेले, सावकाश लाटेपासून ते एक सोडून एक पिक्सेल काळा पांढरा होईल इतक्या दाट लाटेपर्यंत. आपला ब्लॉक प्रत्येक नमुन्याशी किती जुळतो ते मोजायचं आणि तो आकडा लिहायचा. u म्हणजे आडव्या दिशेने लाट किती दाट, v म्हणजे उभ्या दिशेने किती दाट.

ही पद्धत नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ च्या निबंधात मांडली, आणि अहमद मूळचे बंगळुरूचे. आज आपण फोन काढून फोटो घेतो त्याच्या आत हेच गणित बसलेलं आहे.

आता एक आकडा पूर्ण हाताने काढू. डीसीच्या लगेच उजवीकडचा, u = १ आणि v = ०. v शून्य असला की उभ्या दिशेचा कोसाइन सगळीकडे १ होतो, म्हणजे प्रत्येक कॉलमची नुसती बेरीज घ्यायची. आपला उतार वर जेवढा अधिक तेवढाच खाली उणे, त्यामुळे कॉलमच्या बेरजेत तो आपसात कटतो आणि उरतं ते मूळ ओळीच्या आठपट. बाहेरचा १/४, C(0) चा १/√२ आणि हे ८, तिघांचा गुणाकार √२ म्हणजे १.४१४२. म्हणजे मूळ ओळीवर कोसाइन लावून बेरीज करायची आणि शेवटी √२ ने गुणायचं, एवढंच काम उरलं.

त्यातही अर्धं काम वाचतं. u = १ चा कोसाइन डावीकडे जेवढा अधिक असतो तेवढाच उजवीकडे उणे असतो, म्हणून टोकांच्या जोड्या लावून वजाबाकी घ्यायची. पहिला आणि शेवटचा, -५८ - ४२ = -१००. दुसरा आणि सातवा, परत -१००. तिसरा आणि सहावा, -५६ - ४० = -९६. मधले दोन, -१८ - ३२ = -५०. आता यांना ०.९८०८, ०.८३१५, ०.५५५६, ०.१९५१ ने गुणा. -९८.०८, -८३.१५, -५३.३३, -९.७५. बेरीज -२४४.३१, गुणिले १.४१४२, उत्तर -३४५.५. उणे का आलं? कारण हा नमुना डावीकडे उजळ, उजवीकडे गडद असा आहे आणि आपला ब्लॉक नेमका उलटा. चिन्हाला असा अर्थ असतो हे एकदा दिसलं की पुढे कुठलाही आकडा बघून ब्लॉक कसा असेल त्याचा अंदाज यायला लागतो.

सगळे चौसष्ट हाताने काढायची गरज नाही, कोड हे करेल:

```python
import numpy as np
from scipy.fft import dctn, idctn

ol   = np.array([70,70,72,110,160,168,170,170])
utar = np.array([7,5,3,1,-1,-3,-5,-7])
block = ol + utar[:, None]

F = dctn(block - 128.0, norm='ortho')
print(F.round(1))
```

वरची ओळ अशी यायला पाहिजे:

```
-34.0 -345.5 -39.2 82.4 30.0 -25.1 -16.2 7.4
```

आणि डावीकडचा पहिला कॉलम वरून खाली -३४.०, ३६.४, ०, ३.८, ०, १.१, ०, ०.३. बाकी आत सगळीकडे शून्य. आत शून्य आलं ते आपला ब्लॉक एक ओळ अधिक एक उतार असा सरळ बनवलाय म्हणून, खऱ्या फोटोत आत पण बारीकसारीक आकडे येतातच.

`norm='ortho'` विसरलात तर डीसी -३४ ऐवजी -१०८८ दिसेल, बत्तीसपट, आणि शेजारचे आकडे वेगळ्याच पटीत मोठे होतील. ते सगळे पुढे टेबलने भागले की फाईल छोटी होतच नाही आणि माणूस क्वांटायझेशनमध्ये चूक शोधत बसतो.

इथे माहिती गेली का? नाही. याची खात्री करायला एक छान तपासणी आहे. शिफ्ट केलेल्या चौसष्ट पिक्सेलचे वर्ग करून बेरीज करा, १,३२,०६४ येते. डीसीटीच्या चौसष्ट आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा, तीही १,३२,०६४. ऐवज तेवढाच, फक्त जागा बदलल्यात. आणि त्यातले १,१९,३७९ एकट्या -३४५.५ चे, म्हणजे नव्वद टक्के ऐवज एका आकड्यात गोळा झाला. आधी तो चौसष्ट पिक्सेलमध्ये वाटलेला होता. डीसीटीने दाबलं काहीच नाही, उलट पूर्णांकांचे दशांश झाले, जागा जास्तच लागेल. पण सामान असं लावून दिलं की आता कुठलं टाकायचं ते ठरवता येईल.

तिसरी पायरी, क्वांटायझेशन

जे काही हरवतं ते इथे. प्रत्येक आकड्याला टेबलमधल्या त्याच जागेच्या आकड्याने भागायचं आणि जवळच्या पूर्णांकावर राउंड करायचं. टेबल हे:

```python
Q = np.array([
 [16,11,10,16, 24, 40, 51, 61],
 [12,12,14,19, 26, 58, 60, 55],
 [14,13,16,24, 40, 57, 69, 56],
 [14,17,22,29, 51, 87, 80, 62],
 [18,22,37,56, 68,109,103, 77],
 [24,35,55,64, 81,104,113, 92],
 [49,64,78,87,103,121,120,101],
 [72,92,95,98,112,100,103, 99]])

K = np.rint(F / Q).astype(int)
```

हे टेबल १९९२ च्या जेपेग स्टँडर्डच्या परिशिष्टात उदाहरण म्हणून दिलंय. उदाहरण म्हणून, हे महत्त्वाचं, कारण कित्येक जण समजतात की हेच टेबल सक्तीचं आहे. तसं नाही, कुठलंही टेबल वापरा, ते फाईलमध्ये सोबत लिहिलेलं असतं, उघडणारा तिथून वाचतो. कॅमेऱ्यांची आपापली टेबलं असतात. `libjpeg` मध्ये क्वालिटी ५० ठेवली की अगदी हेच टेबल लागतं, आणि क्वालिटी वाढवली की यातले सगळे आकडे त्या प्रमाणात लहान होतात, ९० ला डावीकडच्या कोपऱ्यातला १६ फक्त ३ होतो.

टेबल नीट बघा. वर डावीकडे लहान आकडे, खाली उजवीकडे मोठे. आपल्या डोळ्याला सावकाश बदलणारा उजेड चटकन कळतो, एक सोडून एक पिक्सेल बदलणारी बारीक नक्षी तेवढी कळत नाही, म्हणून दाट लाटांचे आकडे जास्त जोरात भागायचे म्हणजे ते शून्य होऊन जातात.

आपली वरची ओळ भागू. -३४ भागिले १६ म्हणजे -२.१२५, राउंड करून -२. -३४५.५ ला ११ ने, -३१.४, म्हणून -३१. -३९.२ ला १० ने, -३.९२, म्हणून -४. ८२.४ ला १६ ने ५.१५, म्हणून ५. ३० ला २४ ने १.२५, म्हणून १. -२५.१ ला ४० ने -०.६३, म्हणून -१. पुढचा -१६.२ ला ५१ ने -०.३२, शून्य. ७.४ ला ६१ ने, शून्य. खाली कॉलममध्ये ३६.४ ला १२ ने ३.०४, म्हणून ३, आणि त्याखालचे सगळे शून्य.

```
-2 -31 -4 5 1 -1 0 0
 3   0  0 0 0  0 0 0
 0   0  0 0 0  0 0 0
 (खाली सगळी शून्यं)
```

चौसष्टपैकी सात आकडे उरले.

इथे `np.rint` च्या जागी नुसतं `.astype(int)` केलं तर ते राउंड न करता दशांश कापून टाकतं, -३.९२ चे -४ ऐवजी -३ होतात आणि -०.६३ चं शून्य. फाईल थोडी लहान होते म्हणून आनंद होतो, पण फोटो उगाच जास्त मऊ, पुसट पडतो आणि का ते कळत नाही. आपल्या ब्लॉकमध्ये तिसरा आकडा -३ दिसला तर समजायचं की हेच झालंय.

चौथी पायरी, झिगझॅग

आता हे चौसष्ट आकडे एका ओळीत लिहायचेत. नेहमीसारखं आडवं आडवं वाचलं तर आपल्या ब्लॉकमध्ये पहिल्या ओळीच्या शेवटच्या शून्यांनंतर परत ३ येईल, मग परत शून्यं. त्यापेक्षा डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकं, नागमोडी जायचं, आधी एक घर उजवीकडे, मग तिरकं खाली, मग एक घर खाली, मग तिरकं वर, असं शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. यामुळे सावकाश लाटांचे आकडे आधी येतात आणि दाट लाटांची शून्यं शेवटी एकत्र गोळा होतात.

```python
zz = sorted(((r, c) for r in range(8) for c in range(8)),
     key=lambda p: (p[0]+p[1],
                    p[0] if (p[0]+p[1]) % 2 else p[1]))
print([int(K[p]) for p in zz])
```

बोटाने टेबलवर जाऊन बघा, मी पण तसंच करतो. -२, मग उजवीकडे -३१, तिरकं खाली ३. खाली ०, तिरकं वर ०, मग वरच्या ओळीत -४. उजवीकडे ५. तिरकं खाली जाताना तीन शून्यं, एक घर खाली अजून एक शून्य, परत वर येताना तीन शून्यं, आणि वरच्या ओळीत १. उजवीकडे -१. त्यानंतर अठ्ठेचाळीस घरं, सगळी शून्य.

```
-2 -31 3 0 0 -4 5 0 0 0 0 0 0 0 1 -1 (मग 48 शून्यं)
```

पहिलं पाऊल उजवीकडे की खाली यात गफलत झाली तर तुमच्याच कोडने फाईल बनवून तुमच्याच कोडने उघडली तर काहीच कळणार नाही, सगळं बरोबर दिसेल. दुसऱ्या कुठल्या व्ह्यूअरमध्ये उघडली की प्रत्येक ब्लॉक आतल्या आत आडव्याचा उभा झालेला दिसतो, ब्लॉक आपापल्या जागी पण आतलं चित्र तिरक्या रेषेवर पलटलेलं. सरळ फरशीवर कुणी फरश्या फिरवून बसवल्यासारखं दिसतं ते. आपल्या उदाहरणात दुसरा आकडा -३१ ऐवजी ३ आला तर समजा दिशा उलटी झाली.

आता ही ओळ लिहिताना शून्यं एकेक करून लिहीत नाहीत. प्रत्येक बिगरशून्य आकड्याबरोबर, त्याच्या आधी किती शून्यं होती ते लिहायचं. -३१ च्या आधी ०, ३ च्या आधी ०, -४ च्या आधी २, ५ च्या आधी ०, १ च्या आधी ७, -१ च्या आधी ०, आणि मग "ब्लॉक संपला" अशी एक खूण. त्या एका खुणेत अठ्ठेचाळीस शून्यं गेली. डीसी मात्र वेगळा लिहितात, मागच्या ब्लॉकच्या डीसीतून किती बदलला तेवढंच, कारण शेजारच्या ब्लॉकचा उजेड बहुतेक सारखाच असतो.

या जोड्यांना मग हफमन कोड लागतात, जे वारंवार येतं त्याला आखूड कोड, क्वचित येतं त्याला लांब. त्यात खोल जायला वेगळं बसावं लागेल, पण हिशेब सांगतो. स्टँडर्डमधल्या नमुन्याच्या हफमन टेबलने -३१ ला १० बिट, ३ ला ४, दोन शून्यांनंतरच्या -४ ला १३, ५ ला ६, सात शून्यांनंतरच्या १ ला ९, -१ ला ३, आणि संपल्याच्या खुणेला ४. झाले ४९. मागच्या ब्लॉकचा डीसी शून्य होता असं धरलं तर आपल्या डीसीला ५. एकूण ५४ बिट, ५१२ च्या जागी. बघा कसं, छोटासा -४ सगळ्यात महाग पडला, -३१ पेक्षाही, कारण त्याच्या आधी दोन शून्यं आणि मग एवढा आकडा ही जोडी क्वचित येते असं त्या टेबलने धरलंय.

परत उघडून बघू

आता उलटं. टेबलने गुणायचं, उलटी डीसीटी, १२८ मिळवायचे:

```python
parat = idctn(K * Q, norm='ortho') + 128
print(np.rint(parat)[0])
```

पहिली ओळ मूळ आणि परत आलेली, एकाखाली एक:

```
77 77 79 117 167 175 177 177
75 79 81 114 165 179 170 178
```

ही दोन ओळी जरा वेळ बघत बसा, जेपेगची सगळी गोष्ट यात आहे. भिंत आणि आकाशाची कडा जागेवर आहे, ११७ चे ११४, १६७ चे १६५, काही बिघडलं नाही. पण उजवीकडे आकाश सपाट होतं, १७५ १७७ १७७, ते १७९ १७० १७८ असं लाटा मारायला लागलं. भिंतीच्या बाजूला पण ७७ ७७ चे ७५ ७९. हे का झालं, तर तीव्र कडा बनवायला दाट लाटा लागतात, त्या सपाट भागात एकमेकींना काटून शांत बसलेल्या असतात, आणि आपण त्यातल्या दोन फेकल्या आणि बाकीच्यांची मापं बदलली, त्यामुळे काटाकाटी अर्धवट राहिली. फोटोत आकाशासमोरच्या विजेच्या तारांभोवती, किंवा पांढऱ्या कागदावरच्या काळ्या अक्षरांभोवती जो धुरकट, किडे बसल्यासारखा कचरा दिसतो तो हाच. म्हणून अक्षरांचे, स्क्रीनशॉटचे, सातबाऱ्याच्या स्कॅनचे फोटो जेपेगमध्ये नका ठेवू, पीएनजी वापरा, तिथे प्रत्येक अक्षराला अशा कडाच कडा असतात.

दुसरं काय हरवतं ते एका खिळ्यावरून सांगतो. सपाट चुन्याची भिंत आहे, पूर्ण ब्लॉक एकसारखा, आणि त्यात एकच पिक्सेल २० ने गडद, लांबून दिसणारा खिळा समजा. एकटा पिक्सेल असला की त्याचा ऐवज चौसष्ट लाटांत वाटला जातो, आणि फॉर्म्युल्यातला १/४ बघितला तर कुठल्याही एका लाटेच्या वाट्याला २० च्या चौथ्या हिश्श्यापेक्षा, म्हणजे ५ पेक्षा कमीच येणार. डीसी सोडला तर टेबलमधला सगळ्यात लहान आकडा १०. पाचपेक्षा कमी भागिले दहा, राउंड करून शून्य. सगळीकडे शून्य. खिळा पूर्ण गेला, कुठेही ठेवलेला असो. डीसी जरासा हलला तर फार तर अख्खी भिंत दोन लेव्हलने बदलेल, बस. रात्रीच्या आकाशातले बारके तारे, कापडाचं विणकाम, लांबच्या डोंगरावरचं गवत क्वालिटी ५० ला का पुसलं जातं याचं उत्तर हे.

आणि ब्लॉकचे चौकोन दिसायला लागतात ते कधी? डीसीच्या टेबलमधला १६ म्हणजे ब्लॉकच्या सरासरीत १६ भागिले ८, दोन लेव्हलची पायरी, ती डोळ्याला सहसा कळत नाही. क्वालिटी १० ला तोच आकडा ८० होतो, पायरी दहा लेव्हलची, आणि संध्याकाळच्या आकाशात शेजारशेजारचे ब्लॉक दहा दहाने उड्या मारायला लागतात.

अजून एक गैरसमज. लोक म्हणतात जेपेग परत परत सेव्ह केला की दर वेळी खराब होतो. त्याच टेबलने, त्याच जागी पाडलेल्या ब्लॉकवर परत सेव्ह केला तर दुसऱ्यांदा जवळपास काहीच हरवत नाही, कारण आकडे आधीच -३१ गुणिले ११, -४ गुणिले १० असे टेबलच्या पटीतच आहेत, भागले की परत तेच पूर्णांक येतात, फक्त पिक्सेल राउंड करताना जो काही किंचित फरक पडेल तेवढा. पण मधे फोटो डावीकडून तीन पिक्सेल कापला की ब्लॉकच्या सीमा सरकतात, जुन्या लाटांचा कचरा नव्या ब्लॉकमध्ये ताजी नक्षी म्हणून शिरतो आणि सगळी राउंडिंग पहिल्यापासून. साईज बदलली किंवा वेगळ्या क्वालिटीवर सेव्ह केला तरी तेच. फॉरवर्ड होत होत आलेले फोटो खराब होतात ते मधे कुणीतरी साईज बदलतं म्हणून. कापायचाच असेल तर डावीकडून आणि वरून आठाच्या पटीत कापा, आणि रंगाचा थर अर्धा केलेला असेल, जो बहुतेक फोटोंत असतो, तर सोळाच्या.

आता `Q` ला पाचने गुणून, २५५ वर थांबवून, हाच ब्लॉक परत चालवा, ते क्वालिटी १० चं टेबल. झिगझॅगची ओळ ० -६ १ ० ० -१ १ आणि पुढे सगळी शून्यं अशी आली तर तुमच्या चारही पायऱ्या बरोबर आहेत.